गोलाईचा कोरडा रस्ता ओला करताना

*दादा, लातूरच्या गंजगोलाईत रात्री मोबाइलवर फोटो काढला आहे. डाव्या हाताला शेंगांचा गाडा, मागं गोल फिरत गेलेली दुकानं आणि त्यांचे दिवे. मला तो रंगवलेल्या चित्रासारखा करायचा आहे: मागचे दिवे मोठे गोल-गोल धूसर, आणि खाली पावसानं भिजलेला रस्ता, त्यात दिव्यांची प्रतिबिंबं. रस्ता मात्र फोटोत ठणठणीत कोरडा आहे. GIMP वर ब्लर मारला तर दिवे मळकट राखाडी झाले. फोटो उलटा करून खाली चिकटवला तर रस्त्यावर काच अंथरल्यासारखी दिसते. चुकतं कुठं?*

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुमच्या फोटोतला दिवा खऱ्या दिव्याइतका उजेडी नाही. मोबाइलच्या फाइलमध्ये दिव्याचा गाभा पांढरा, म्हणजे २५५, आणि शेजारची चुन्याची भिंत उजेडात असेल तर तीही २२०-२३०. प्रत्यक्षात दिवा भिंतीच्या कितीतरी पट तेजस्वी होता. फाइलमध्ये २५५ च्या वर जागाच नसल्यामुळे ते वरचं सगळं छाटलं गेलं. नुसता फोटो बघताना हे जाणवत नाही. दिवा पसरायला किंवा पाण्यात उतरवायला गेलं की लगेच उघडं पडतं.

आकड्यात बघा. मागच्या दुकानाचा बल्ब तुमच्या फोटोत ८ पिक्सेल रुंद आहे असं धरू. त्याची ४८ पिक्सेलची चकती करायची, तर तोच उजेड ३६ पट जागेत वाटला जातो. पूर्ण पांढऱ्याचा छत्तिसावा भाग पडद्यावर साधारण ४६ इतका दिसतो, म्हणजे काळपट राखाडी. तुमची मळकट चकती ती हीच. बल्ब आधी ३२ पट तेजस्वी करून मग पसरला, तर चकती २४० च्या आसपास येते आणि दिवा पेटल्यासारखा वाटतो.

म्हणून मी कुठल्याही रात्रीच्या चित्रात पहिल्यांदा दिव्यांचा वेगळा लेयर करतो. बोके म्हणजे फोकसबाहेरच्या दिव्यांच्या धूसर चकत्या, प्रतिबिंब, आणि प्रभा म्हणजे दिव्याभोवतीचा मऊ उजेड, या तिन्ही गोष्टी त्याच एका लेयरमधून काढायच्या. तीन ठिकाणी तीन वेगळे ठोकताळे लावले की चित्र कसं फसलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण फसलंय हे त्याला कळतं.

GIMP मध्ये सुरुवातीलाच `Image > Precision` मध्ये जाऊन `32-bit floating point` आणि `Linear light` करून घ्या. याशिवाय पुढचं काही जमणार नाही. पांढऱ्याच्या वरचे आकडे फक्त फ्लोटिंगमध्ये टिकतात, आणि उजेडाची बेरीज लिनिअरमध्येच खरी होते. मग मूळ लेयरची प्रत काढा, त्यातले फक्त दिवे ठेवा आणि बाकी सगळं काळं करा. बल्ब, ट्यूबलाइट, पाट्यांचा उजेड, गाडीचे हेडलाइट. चमकणारी स्टीलची भांडी, पांढरे शर्ट यांना दिव्यात धरू नका. त्यांचेही बोके झाले तर चित्रात माणसांच्या छातीवर दिवे लागतात. मी हे काम आपोआप निवडीवर सोडत नाही, हातानंच ब्रश फिरवतो. चाळीस-पन्नास दिवे असले तरी अर्ध्या तासाचं काम आहे.

आता रंग. छाटल्या गेलेल्या दिव्याचा गाभा पांढरा असतो, त्याचा खरा रंग कडेच्या वलयात उरलेला असतो. पिपेटनं तो वलयातून उचला आणि गाभ्यावर भरा. सोडियमचा पिवळा-नारिंगी, एलईडीचा निळसर पांढरा, मिठाईवाल्याच्या हिरव्या ट्यूबा, जो असेल तो. मग `Colors > Exposure...` मध्ये `Exposure` ५ करा. एक पायरी म्हणजे दुप्पट, पाच पायऱ्या म्हणजे ३२ पट. पडद्यावर सगळे दिवे भकभकीत पांढरे दिसतील. घाबरू नका, रंगाचं प्रमाण आत जपलेलं आहे, पसरल्यावर ते बाहेर येतं.

मूळ फोटोतले दिवे मात्र पुसून टाका. आजूबाजूचा रंग क्लोन करून त्या जागी अंधार भरा, नाहीतर प्रत्येक धूसर चकतीच्या मधोमध एक टोकदार ठिपका उरतो. नवशिक्याचं काम मी बहुतेक त्या ठिपक्यावरूनच ओळखतो.

चित्राचा पोत याच टप्प्यावर द्यायचा, दिवे नसलेल्या कोरड्या दृश्याला. `Filters > Artistic > Oilify...` मध्ये `Mask Radius` ६ ते ८ ठेवलं की ४००० पिक्सेल रुंद फोटोला बरा फराटा येतो. कुवाहारा फिल्टर मिळाला तर तो मला जास्त आवडतो. तो प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार तुकडे तपासतो आणि ज्यात रंग सगळ्यात कमी बदलतो त्याची सरासरी घेतो, म्हणून कडा शाबूत राहून आतला भाग सपाट होतो. १९७६ साली जपानात हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करायला तो काढला होता. आपण त्याच्यावर गोलाई रंगवतो. दुकानांच्या पाट्या मात्र मास्क करून वाचवा. देवनागरीत शिरोरेषा तेवढी टिकते आणि तिच्याखाली अक्षरांचा चिखल होतो.

हा पोत बोके आणि प्रभेनंतर दिला तर ऑइलीफाय चकत्यांच्या कडा कुरतडतो आणि मऊ उजेडाचे पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे पाडतो. क्रम उलटा करू नका.

बोके शब्द जपानी. इंग्रजीत तो १९९७ च्या सुमारास एका छायाचित्रण मासिकानं रूढ केला. तुमच्या मोबाइलच्या बारक्या लेन्समधून तो जवळजवळ येतच नाही, चार मीटरवर फोकस केलं तर लांबचा दिवा जेमतेम दोन-तीन पिक्सेल पसरतो. त्यामुळं चकती किती मोठी करायची हे तुम्हीच ठरवणार. ४००० पिक्सेलच्या फोटोला सगळ्यात मोठी चकती ६० पिक्सेलची धरा. पण एकदा ती ठरवली की बाकीच्यांची मापं मनानं ठरवायची नाहीत. फोकस गाड्यावर, चार मीटरवर असेल, तर दहा मीटरवरच्या दिव्याची चकती ६० च्या ०.६ पट, म्हणजे ३६. वीस मीटरवर ०.८ पट, म्हणजे ४८. ऐंशी मीटरवर ५७. हिशेब सोपा आहे: दिव्याच्या अंतरातून फोकसचं अंतर वजा करा आणि दिव्याच्या अंतरानं भागा. म्हणजे लांब गेल्यावर चकत्या वाढत नाहीत, जवळपास सारख्याच होतात. बारका बल्ब असो की मोठा, चकती तेवढीच, फरक फक्त तेजात पडतो. आणि गाड्यावरचा बल्ब फोकसमध्येच आहे, त्याला चकतीच नाही. तो टोकदार ठेवा, त्याच्याशी तुलना झाल्यावरच मागची धूसरता खरी वाटते.

त्यासाठी दिव्यांचा लेयर अंतराप्रमाणे तीन तुकड्यांत वाटा आणि प्रत्येकाला `Filters > Blur > Lens Blur...` लावा, `Radius` चकतीच्या निम्मा. त्यातला `Highlight factor` शून्यावर ठेवा, कारण तेज आपण आधीच वाढवलं आहे. गाऊसियन ब्लर इथं नको, त्यानं चकतीऐवजी कापसाचा बोळा होतो. लेयरचा मोड `Addition`. मागच्या भिंती-खिडक्यांनाही त्याच मापाचा ब्लर द्या, पण `Normal` मोडमध्ये.

एवढं झालं की रस्त्याकडे वळायचं. खरं दुखणं इथं आहे, आणि गोलाईत ते जरा जास्तच आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका साडीच्या दुकानाच्या फ्लेक्ससाठी मी तुमच्यासारखाच अख्खा फोटो उलटा करून खाली चिकटवला होता. मालकानं एक नजर टाकली आणि विचारलं, "ह्यो रस्ता हाय का आरसा?" त्याला तंत्र काही माहीत नव्हतं, पण बरोबर दोन चुका त्यानं एका वाक्यात धरल्या होत्या. प्रतिबिंब चुकीच्या जागी होतं, आणि ते फार स्वच्छ होतं.

जागेचं आधी. सपाट ओल्या रस्त्यात प्रत्येक वस्तू आपापल्या पायाशी उलटी होते. दुकानाची भिंत जिथं रस्त्याला टेकते तो तिचा पाया. पाटी पायापासून जेवढी वर, प्रतिबिंब पायापासून तेवढंच खाली, आणि त्याच उभ्या रेषेत. सूत्र एवढंच:

```
y_reflection = 2 * y_foot - y_lamp
```

इथं ओळी वरून खाली मोजायच्या, GIMP मोजतं तशा. तुमचा फोटो ४००० बाय ३०००, मोबाइल समतल धरलेला, डोळ्याची उंची दीड मीटर, लेन्स मोबाइलची नेहमीची, २६ मिलिमीटर समतुल्य. मग क्षितिजाची ओळ मधोमध, १५०० वर येते. (खात्री करायची असेल तर उभ्या माणसांकडे बघा. क्षितिजाची रेषा जवळच्या-लांबच्या सगळ्यांच्या हनुवटीच्या आसपासून जायला हवी.) दहा मीटरवरच्या दुकानाचा पाया १९३५ च्या ओळीला, आणि त्याची तीन मीटर उंचीवरची पाटी १०६५ ला. प्रतिबिंब येईल २८०५ ला. वीस मीटरवरच्या दुकानाचा पाया १७१७, पाटी १२८३, प्रतिबिंब २१५१. तुम्ही जवळच्या पायाची एकच रेषा धरून सगळं उलटं केलं, त्यामुळं लांबची पाटी २५८७ ला जाऊन पडली. म्हणजे चारशेहून जास्त पिक्सेल खाली. काच तिथूनच आली.

सरळ रस्त्यावर समोरासमोर उभी असलेली एकच इमारत असती तर ही चूक खपून गेली असती. गोलाईत मधल्या देवीच्या देवळाभोवती दुकानं वर्तुळात फिरतात आणि सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं ओळीनं उभ्या दुकानांचे पाय पायरी-पायरीनं वर सरकत जातात. म्हणून दुकानागणिक वेगळी पट्टी कापा. पट्टीची प्रत, `Layer > Transform > Flip Vertically`, आणि तिचा पाया मूळ पायाला भिडेपर्यंत खाली सरकवा. पायाची रेषा तिरकी असेल तर उलटल्यावर ती विरुद्ध बाजूला कलते; शिअर टूलनं उभ्या दिशेत ओढून ती मूळ रेषेवर बसवा. पट्टी उलटी करायची, १८० अंशांत फिरवायची नाही. फिरवली की डावं-उजवं बदलतं आणि 'वस्त्रालय' मधला 'व' भलत्या टोकाला जातो. प्रतिबिंबात शिरोरेषा खाली येते, पण पाटीचं पहिलं अक्षर डावीकडेच राहतं.

रस्त्यावर आडव्या बांधलेल्या माळांना पाया नसतो. त्यांच्यासाठी माळेची दोन्ही टोकं ज्या इमारतींना बांधली आहेत त्यांचे पाय एका रेषेनं जोडा. बल्बच्या सरळ खाली ती रेषा जिथं लागेल तो त्याचा पाया.

आता तुमच्या गाड्यावरचा बल्ब. पाया २५८८ च्या ओळीला, बल्ब ११३८ ला. सूत्रात घातलं तर प्रतिबिंब ४०३८ ला येतं, आणि तुमचा फोटो ३००० ला संपतो. म्हणजे त्या बल्बचं प्रतिबिंब चौकटीत नाहीच. गाड्याखाली दिसतील फक्त चाकं आणि खालच्या फळ्या, जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या थोडं वरपर्यंतच्या. शेंगांच्या ढिगाखाली रस्त्यावर सोनेरी लकेर ओढायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो. ती ओढली की चित्र खोटं पडतं. चौकटीच्या वर राहिलेल्या, फोटोत न दिसणाऱ्या खांबाच्या दिव्याचंही तसंच: मोबाइल समतल असेल तर त्याचं प्रतिबिंब ३००० च्या खालीच जातं, त्याचीही लकेर ओढू नका. 

अजून एक, लकेरी बघणाऱ्याच्या पायाकडे पंख्यासारख्या पसरवू नका. सावल्या तशा पसरतात, प्रतिबिंबं कधीच नाही. सगळ्या लकेरी सरळ खाली. तपासायला एक उभी गाइड रेषा दिव्यावर ठेवा. लकेर तिच्यावर नसेल तर सरकवा. फोटो काढताना मोबाइल कलला असेल तर तो आधी सरळ करून घ्या, नाहीतर 'सरळ खाली' म्हणजे कुठं हेच ठरत नाही.

दुसरी चूक, स्वच्छपणाची. पाण्याची फिल्म सगळीकडून सारखा उजेड परतवत नाही. पायाशी, दीड मीटरवर बघितलं तर जेमतेम ३ टक्के. तुमच्या फोटोच्या तळाशी, साधारण तीन मीटरवर, ७ टक्के. २८०५ च्या ओळीला ९, २१५१ ला २७, आणि पंधरा मीटरवर, १७९० च्या ओळीला, ५४ टक्के. नजर जितकी रस्त्याला चाटून जाते तितका रस्ता आरसा होतो. ही चढण लेयर मास्कमध्ये काळ्या-पांढऱ्या ग्रेडियंटनं बसवा. खालून वर हळू वाढत जाऊन शेवटी झपकन वर जाणारी.

बघा, इथं दिव्यांच्या वेगळ्या लेयरचा खरा उपयोग होतो. दिव्यापासून जरा दूरच्या भिंतीचं तेज पूर्ण पांढऱ्याच्या दहाव्या भागाइतकं धरा. त्याचे ९ टक्के म्हणजे पडद्यावर २४, जवळजवळ काळं. दिव्याचं तेज मात्र आपल्याकडे ३२ आहे. त्याचे ९ टक्के काढून ती लकेर २० बाय ५० पिक्सेलमध्ये पसरवली तरी पडद्यावर ११८ च्या आसपास उरते. म्हणून रात्रीच्या ओल्या रस्त्यात भिंती बुडतात आणि दिवे तेवढे तरंगतात. तुमच्या उलट्या फोटोत दिवा आणि भिंत दोन्ही जवळपास सारखे उजळ होते, म्हणून दोन्ही सारखेच दिसले. पारदर्शकता कमी-जास्त करून हे कधीच सुटत नाही. कमी केली तर दिवेही जातात, वाढवली तर भिंतीही येतात.

प्रतिबिंबाची रचना अशी करा. एक लेयर ग्रुप, त्यात उलटी केलेली दुनिया लांबून जवळ अशी रचायची: लांबची दुकानं, त्यांचे दिवे, मग जवळची दुकानं, त्यांचे दिवे, मग माणसं, गाड्या. उलट्या वस्तू `Normal` मोडमध्ये, म्हणजे पुढचं मागच्याला झाकेल. कुणी पाच मीटरवर उभं असेल तर त्याच्या उलट्या आकृतीनं मागच्या दिव्याची लकेर मधेच तुटायला हवी. ही तुटलेली लकेर डोळ्याला जितकी पटते तितकं दुसरं काही पटत नाही. मग सगळ्या ग्रुपचा मोड `Addition` करा आणि वरचा मास्क ग्रुपला लावा.

त्याआधी खालचा रस्ता गडद करायला विसरू नका. ओलं डांबर कोरड्यापेक्षा काळं असतं, कारण फिल्ममध्ये शिरलेला उजेड आतल्या आत परतून पुन्हा डांबरावर पडतो आणि बराचसा तिथंच जिरतो. `Exposure` एक पायरी खाली, म्हणजे निम्मं, पुरतं. आपल्याकडचा धुळीनं पांढरट झालेला रस्ता तसाच ठेवून वर प्रतिबिंबं टाकली की रस्त्यावर मेण सांडल्यासारखं दिसतं. गाड्याच्या खाली आणि उभ्या रिक्षांखाली कोरडा पांढरट पट्टा राहू द्या.

आता ज्यासाठी मी एवढं लांबवलं ती गोष्ट. ओला रस्ता आणि डबकं यांतलं प्रतिबिंब एकाच पद्धतीनं करायचं नाही.

डबकं खरा आरसा असतं. त्यात दिसणारा दिवा डबक्याच्या अंतरावर नसतो, तो दिव्याच्याच अंतरावर असतो, किंबहुना थोडा लांब, कारण उजेड दिव्यापासून पाण्यापर्यंत आणि तिथून तुमच्यापर्यंत आलेला असतो. म्हणून डबकं तुमच्यापासून चार मीटरवर, अगदी फोकसमध्ये असलं, त्याच्या काठाची माती स्पष्ट दिसत असली, तरी आतला दिवा वरच्याइतकाच धूसर हवा. वर ४८ ची चकती, तर खालीही ४८ ची. डबक्यासाठी लेन्स ब्लर केलेला दिव्यांचा लेयरच उलटा करून वापरा, लांबवू नका, आणि डबक्याच्या आकाराचा मास्क घाला. डबकी लांब गेली की आडवी चपटी होत जातात. गोल डबकं फक्त पायाखाली दिसतं.

नुसतं ओलं डांबर वेगळं. तिथं खडीच्या प्रत्येक कणावर पाण्याचं एक बारीक फुगीर भिंग असतं, आणि त्या प्रत्येकात दिव्याची एक इवलीशी चमक, अगदी कणाला लागून. ती चमक रस्त्याच्याच अंतरावर असते. त्यामुळं रस्ता फोकसमध्ये असेल तर लकेरीतले कण टोकदार दिसतात, वरचा दिवा कितीही धूसर असला तरी. इथं चकत्या उलट्या केल्या की रस्त्यावर फुगे लोळताना दिसतात. डांबरासाठी ब्लर न केलेला, तेज वाढवलेला दिव्यांचा लेयर घ्या, सूत्राप्रमाणे उलटा करा, आणि `Filters > Blur > Gaussian Blur...` मध्ये `Size X` आणि `Size Y` ची साखळी तोडून उभा पसरवा.

किती उभा? कण पुढं-मागं कलले तर चमक बरीच सरकते, डावी-उजवीकडे कलले तर थोडीच. नजर जितकी चाटून, तितका हा फरक मोठा. तुमच्या २८०५ च्या ओळीजवळ लकेर रुंदीच्या अडीचपट लांब, २१५१ जवळ साडेचार पट, पंधरा मीटरवर दहा पट. म्हणजे पायाजवळच्या लकेरी आखूड आणि जाड, लांबच्या सडपातळ. सगळ्यांना एकच मोशन ब्लर मारला की रस्त्यावर पाऊस पडतोय की कुणी कंगवा फिरवलाय ते कळत नाही. मी तीन पट्ट्यांत काम करतो: `Size X` १० ठेवून `Size Y` जवळ २५, मधे ४५, लांब १००.

शेवटी कण. तुमच्याच फोटोतल्या कोरड्या रस्त्याची प्रत घ्या, रंग काढून टाका, कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा आणि ती लकेरींच्या लेयरला मास्क म्हणून द्या. आयता पोत कुठून उतरवून घेऊ नका. तुमच्या रस्त्याची खडी जवळ मोठी आणि लांब बारीक आधीच आहे, खड्डे आणि ठिगळंही जागेवर आहेत. बाहेरच्या पोतात हे सगळं हातानं जुळवत बसावं लागेल. फक्त ही प्रत ऑइलीफायच्या आधीच्या मूळ फोटोतून घ्या, नंतरच्या लेयरमधली खडी फराट्यात गेलेली असते. चित्राचा भाव राहावा म्हणून मी नंतर स्मज टूलनं लकेरींना दोन-चार ठिकाणी आडवे छेद देतो. चित्रकार ओल्या रस्त्यावर उभे फटकारे मारून एखादा आडवा ओढतात, तसेच. जास्त छेद दिले की रस्त्याचा तलाव होतो.

प्रभा सगळ्यात शेवटी आणि थोडीच. दिव्यांच्या लेयरच्या तीन प्रती, गाऊसियन १५, ६० आणि २४०, मोठीची तीव्रता सगळ्यात कमी, मोड `Addition`. एकाच मापाचा ब्लर दिला तर दिव्याभोवती फुगा दिसतो. खरा उजेड जवळ दाट असतो आणि विरत-विरत लांबवर जातो. ही प्रभा लेन्समध्ये आणि डोळ्यात तयार होते असं धरलं तर ती पुढच्या माणसांच्या कडांवरही चढायला हवी, म्हणून तिला मास्क लावू नका. धुक्याची हवी असेल तर फक्त मागच्या थरावर. दोन्ही एकत्र घालून बघितलं आहे मी, सगळं चित्र दुधात पडतं.

एका ठिकाणी ही पद्धत हात टेकते. रस्ता वस्तूंकडे खालून बघतो. दुकानाच्या पुढं आलेल्या पत्र्याची खालची बाजू, गाड्याच्या फळीचं पोट हे प्रतिबिंबात दिसायला हवं, आणि तुमच्या फोटोत ते नाहीच. लांबच्या दुकानांत फरक कळत नाही. गाड्यात कळतो: वरून दिसणारा फळीचा पृष्ठभाग उलटा होऊन खाली आला की ताबडतोब खटकतो. तिथं मी उलटी प्रत वापरत नाही, गडद तपकिरी रंगानं चाकं आणि फळीचं पोट हातानं रंगवतो, तुमच्या चौकटीत तेवढंच तर दिसणार आहे. पुढच्या वेळी गाड्यासमोर गुडघ्यावर बसून, मोबाइल रस्त्याला टेकवून एक जादा फोटो काढून ठेवा. चाकांच्या मधलं काय दिसतं ते तिथून नेमकं कळतं.